चेहरा फ्रेमच्या कडेला कापला गेला की फेस स्वॅप का फसतो? डीपफेक ओळखायला ही चूक कशी उपयोगी पडते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा म्हणून एक व्हिडिओ व्हायरल झाला. काळ्या कपड्यांतली एक तरुणी लिफ्टमध्ये शिरते, एवढंच त्यात होतं. प्रत्यक्षात तो एका ब्रिटिश-भारतीय इन्फ्लुएन्सरने आदल्या महिन्यात इन्स्टाग्रामवर टाकलेला व्हिडिओ होता. तिच्या चेहऱ्याच्या जागी रश्मिकाचा चेहरा बसवलेला होता. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी ही बनवाबनवी दाखवताना बोट ठेवलं ते व्हिडिओच्या पहिल्या सेकंदावर. लिफ्टमध्ये शिरताना क्षणभर मूळ तरुणीचाच चेहरा दिसतो आणि मग तो अचानक रश्मिकाचा होतो.

पुढचा व्हिडिओ अनेकांना खरा वाटला. चूक दिसली ती चेहरा नुकताच समोर येत होता तेव्हा. फेस स्वॅपच्या चुका बऱ्याचदा अशाच ठिकाणी सापडतात: चेहरा फ्रेममध्ये शिरताना, बाहेर जाताना, किंवा कपाळ, गाल किंवा हनुवटी फ्रेमच्या कडेने कापली गेलेली असताना. असं का होतं, बनवणारे त्यावर काय उपाय करतात आणि बघणाऱ्याने नेमकं कुठे बघायचं, ते समजून घेऊ.

फेस स्वॅप नेमका होतो कसा?

अनेकांना वाटतं की सॉफ्टवेअर संपूर्ण फोटो बघून त्यातला माणूस बदलतं. तसं होत नाही. मोफत मिळणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये `inswapper_128` नावाचं एक मॉडेल वापरलं जातं. त्याचं काम बघितलं की सगळा प्रकार लक्षात येतो.

आधी प्रोग्रॅम फ्रेममध्ये चेहरा शोधतो आणि त्यावर पाच खुणा करतो: दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे. मग या खुणांच्या आधारे चेहरा फिरवून, लहान-मोठा करून एका छोट्या चौकोनात बसवतो. हा चौकोन १२८ पिक्सेल रुंद आणि १२८ पिक्सेल उंच असतो. त्यात डोळे कुठे, नाक कुठे, ओठ कुठे यायला हवेत ते आधीच ठरलेलं असतं. पासपोर्ट फोटोसाठी डोकं ठरलेल्या जागी धरायला सांगतात, तसाच हा प्रकार.

मॉडेलला फक्त हा चौकोन दिसतो. ते त्यातला चेहरा बदलून तेवढाच चौकोन परत देतं. मग प्रोग्रॅम तो उलटा फिरवून मूळ फ्रेममध्ये जागच्या जागी चिकटवतो आणि सांधा दिसू नये म्हणून कडा हळूहळू पुसट करतो. केस, कान, मान आणि अंग मूळ माणसाचंच राहतं.

म्हणजे सगळी भिस्त दोन गोष्टींवर आहे. पाच खुणा बरोबर पडल्या पाहिजेत आणि चौकोन पूर्ण भरला पाहिजे. डोकं फ्रेमच्या कडेला कापलेलं असेल, तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात.

चौकोनात भोक पडतं ते असं

एक उदाहरण घेऊ. समजा एका शॉर्ट फिल्मच्या टीमने डमी कलाकारावर एक क्लोज-अप चित्रित केला आहे आणि मुख्य कलाकाराच्या संमतीने त्याचा चेहरा तिथे बसवायचा आहे. फ्रेम १२८० बाय ७२० पिक्सेलची आहे. क्लोज-अपमध्ये कपाळाचा वरचा भाग कापणं ही कॅमेऱ्याची नेहमीची पद्धत, त्यामुळे इथेही केस आणि अर्धं कपाळ फ्रेमबाहेर आहे. डोळे फ्रेमच्या वरच्या कडेपासून १५० पिक्सेल खाली आहेत आणि दोन डोळ्यांतलं अंतर १७६ पिक्सेल आहे.

मॉडेलच्या चौकोनात दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ३५ पिक्सेल असतं. म्हणजे चौकोनातला एक पिक्सेल या फ्रेममधल्या ५ पिक्सेलइतका झाला. चौकोनात डोळे वरून सुमारे ५२ पिक्सेलवर बसतात, म्हणून फ्रेममध्ये डोळ्यांच्या वर साधारण २५८ पिक्सेल जागा लागते. आपल्याकडे आहे १५०. उरलेले १०८ पिक्सेल अस्तित्वातच नाहीत.

प्रोग्रॅम या रिकाम्या जागी काळा रंग भरतो. चौकोनाच्या हिशेबात वरच्या सुमारे २२ ओळी, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा, काळाकुट्ट होतो. मॉडेलला माहीत नसतं की ही फ्रेमची कड आहे. त्याच्या लेखी तो काळ्या रंगाचा भाग चेहऱ्याच्या चित्राचाच एक तुकडा असतो. हे मॉडेल प्रत्येक पिक्सेलचा रंग आजूबाजूच्या पिक्सेलकडे बघून ठरवतं, त्यामुळे काळ्या पट्ट्याला लागून असलेलं कपाळही काळवंडतं. काळा पट्टा नंतर फ्रेमबाहेरच पडतो, तो कुणाला दिसत नाही. त्याने शेजारच्या कातडीवर केलेला परिणाम मात्र फ्रेममध्ये राहतो.

बघणाऱ्याला काय दिसतं?

चूक एकच असली तरी ती तीन वेगवेगळ्या रूपांत समोर येते.

पहिलं रूप रश्मिकाच्या व्हिडिओत दिसलं तसं: मूळ चेहरा मध्येच उघडा पडतो. चेहरा शोधणारा प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमला ० ते १ मधला एक गुण देतो, म्हणजे हा चेहरा आहे याची त्याला किती खात्री आहे ते. अनेक प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा ०.५ ठेवलेली असते. त्याखाली गुण आला की प्रोग्रॅम त्या फ्रेमला हात लावत नाही. चेहरा फ्रेमबाहेर सरकत असताना एका फ्रेमला ०.५३, पुढच्या फ्रेमला ०.४८, मग पुन्हा ०.५१ असे गुण आले, तर नवा चेहरा, जुना चेहरा, पुन्हा नवा चेहरा असं लुकलुकणं दिसतं. सेकंदाला ३० फ्रेम असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. साध्या वेगाने बघताना डोळ्याला फक्त काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

दुसरं रूप म्हणजे चेहऱ्याचं थरथरणं किंवा तरंगणं. ओठाचा एक कोपरा किंवा एक डोळा फ्रेमबाहेर असेल, तर प्रोग्रॅमला ती खूण अंदाजाने करावी लागते. हा अंदाज दर फ्रेमला थोडा बदलतो. पाच खुणांपैकी एक जरी इकडे-तिकडे झाली, तरी चेहऱ्याचा आकार आणि कल दोन्ही बदलतात. मग कान आणि केस स्थिर असतात, पण मधला चेहरा मुखवट्यासारखा सरकतो किंवा फुगतो-आकसतो.

तिसरं रूप म्हणजे कडेचा पट्टा, आणि तो दोन प्रकारचा असतो. काळ्या रंगामुळे आलेला पट्टा मळकट आणि गडद दिसतो. दुसरा प्रकार वेगळ्या कारणाने होतो. काही प्रोग्रॅम चेहऱ्याची चौकट आधी फ्रेमच्या कडेला कापतात आणि मग त्या कापलेल्या चौकटीच्या चारही कडा पुसट करतात. त्यामुळे फ्रेमच्या कडेला लागूनच नवा चेहरा विरून जातो आणि खालची मूळ कातडी डोकावते. दोघांचा रंग वेगळा असेल, तर कपाळावर किंवा गालावर वेगळ्या रंगाची सरळ पट्टी दिसते. खऱ्या चेहऱ्यावर सावली पडते ती हाडांच्या आणि उजेडाच्या हिशेबाने. फ्रेमच्या कडेशी समांतर जाणारी पट्टी संशयास्पद असते.

मग बनवणारे काय करतात?

साधा आणि परिणामकारक उपाय म्हणजे फ्रेम तात्पुरती मोठी करायची. कापलेल्या बाजूला जागा वाढवायची, चेहरा बदलायचा आणि शेवटी वाढवलेली जागा कापून टाकायची. वरच्या उदाहरणात वर २०० पिक्सेल वाढवले, तर फ्रेम १२८० बाय ९२० होते. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही या लायब्ररीत त्यासाठी दोन ओळी पुरतात. मधल्या टप्प्यावर चेहरा बदलला जातो आणि तो बदललेला फ्रेम `swapped` या नावाने मिळतो:

```python
big = cv2.copyMakeBorder(frame, 200, 0, 0, 0, cv2.BORDER_REPLICATE)
out = swapped[200:, :]
```

१०८ पिक्सेल कमी पडत असताना २०० का वाढवायचे? कारण काम एका चौकोनावर संपत नाही. १२८ पिक्सेलचा चेहरा पाचपट ताणला की तो धूसर होतो. तो रेखीव करायला जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारखं दुसरं मॉडेल लावतात. त्याचा चौकोन ५१२ पिक्सेलचा असतो आणि त्यात चेहऱ्याभोवती जास्त मोकळी जागा धरलेली असते. याच फ्रेममध्ये त्याला डोळ्यांच्या वर सुमारे ३३५ पिक्सेल लागतात, म्हणजे १८५ कमी पडतात. इथे रिकाम्या जागी सहसा काळ्याऐवजी राखाडी रंग भरला जातो, पण अडचण तीच. पहिल्या टप्प्यापुरती जागा वाढवली, तर पट्टा दुसऱ्या टप्प्यात परत येतो.

वाढवलेल्या जागेत काय भरायचं, हा पुढचा प्रश्न. वरच्या ओळीतला `BORDER_REPLICATE` हा पर्याय कडेच्या पिक्सेलचा रंग तसाच बाहेर ओढत नेतो. कपाळ कापलेलं असेल तर कातडीचाच रंग वर पसरतो. बघायला ते विचित्र असतं, पण मॉडेलला काळं भोक दिसत नाही आणि कपाळ काळवंडत नाही. चेहरा शोधणाऱ्या प्रोग्रॅमलाही याची मदत होते. चेहऱ्याने सगळी फ्रेम व्यापली असेल तर काही वेळा तो सापडतच नाही. भोवती जागा वाढवली की सापडतो.

दुसरा पर्याय आरशाचा: कडेजवळचं चित्र उलटं करून बाहेर जोडायचं. ऐकायला हा जास्त नैसर्गिक वाटतो, पण चेहऱ्याच्या बाबतीत तो फसवा आहे. चेहरा उजव्या कडेला नाकापाशी कापलेला आहे, असं समजा. अर्ध्या चेहऱ्याला त्याचंच प्रतिबिंब जोडलं की एक पूर्ण, तंतोतंत सारख्या अर्ध्यांचा खोटा चेहरा तयार होतो. तोही थेट समोर बघणारा. प्रोग्रॅम आनंदाने त्यावर पाच खुणा करतो आणि नवा चेहरा त्या मापाने बसवतो. वाढवलेली जागा कापली की उरलेला अर्धा चेहरा भलत्याच दिशेला बघत असतो. म्हणून बाजूने कापलेल्या चेहऱ्यासाठी आरशाचा पर्याय टाळतात.

बाजूने कापलेल्या चेहऱ्यात खुणांचाही प्रश्न उरतो, कारण एक डोळा आणि ओठाचा एक कोपरा दिसतच नाही. इथे गणित मदतीला येतं. चेहरा चौकोनात बसवायला चारच गोष्टी ठरवाव्या लागतात: किती लहान-मोठा करायचा, किती फिरवायचा, आडवा किती सरकवायचा आणि उभा किती. प्रत्येक खूण दोन आकडे देते, म्हणून दोन पक्क्या खुणाही पुरतात. दिसणारा डोळा, नाकाचं टोक आणि ओठाचा दिसणारा कोपरा या तिघांवरच हिशेब केला आणि अंदाजाच्या दोन खुणा सोडून दिल्या, तर थरथर बरीच कमी होते. त्यातही पुढच्या-मागच्या काही फ्रेमची सरासरी घेतली की चेहरा आणखी स्थिर बसतो.

या सगळ्याला मर्यादा आहे. दोन्ही डोळे फ्रेमबाहेर गेले आणि फक्त ओठ-हनुवटी उरली, तर चौकोन नीट बसवायला पुरेसा आधार राहत नाही. माणूस फ्रेममधून बाहेर चालत जात असेल, तर शेवटच्या काही फ्रेममध्ये हीच वेळ येते. तिथे संकलक सहसा त्या सहा-सात फ्रेम कापून टाकतो आणि शॉट सेकंदाच्या पाचव्या भागाने आधी संपवतो. घाईत बनवलेल्या व्हिडिओत हे काम राहून जातं.

रील बनवताना क्रम महत्त्वाचा

अनेकदा चेहरा मूळ चित्रीकरणात पूर्ण असतो आणि कापला जातो तो नंतर. १९२० बाय १०८० चा आडवा व्हिडिओ रीलसाठी उभा कापला, तर रुंदी सुमारे ६०७ पिक्सेल उरते. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा गाल तिथे हमखास कापला जातो. आधी उभा कापून मग चेहरा बदलला, तर वरच्या सगळ्या अडचणी ओढवून घेतल्या जातात. आधी पूर्ण आडव्या फ्रेमवर चेहरा बदलून मग उभा कापला, तर त्यातली एकही येत नाही.

बघणाऱ्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. तुमच्या मोबाइलवर दिसणारी फ्रेमची कड हीच बनवणाऱ्याच्या प्रोग्रॅमला दिसलेली कड असेल असं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला उभा व्हिडिओ एखाद्या आडव्या व्हिडिओतून कापलेला असू शकतो. अशा वेळी कडेला काही सापडलं नाही, म्हणून व्हिडिओ खरा ठरत नाही.

संशय आला तर कुठे आणि कसं बघायचं?

आधी ते क्षण निवडा, जेव्हा चेहरा अपुरा दिसतो: माणूस फ्रेममध्ये येतो, बाहेर जातो, खाली वाकतो, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येतो. चेहरा मध्यभागी असलेल्या भागावर वेळ घालवण्यापेक्षा हे दोन-तीन सेकंद जास्त काही सांगतात.

ते क्षण एकेक फ्रेम करून बघा. कम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची `.` ही की दाबली की तो एक फ्रेम पुढे जातो, `,` दाबली की एक फ्रेम मागे. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करून गॅलरीत बोटाने हळूहळू सरकवता येतं.

आता तीन गोष्टी शोधा. एखाद्या फ्रेममध्ये भुवया, नाक किंवा रंग अचानक बदलतो का? कान आणि केसांची रेघ स्थिर असताना मधला चेहरा सरकतो का? फ्रेमच्या कडेला लागून कडेशी समांतर गडद किंवा वेगळ्या रंगाची पट्टी आहे का?

व्हिडिओ वारंवार फॉरवर्ड होऊन दबला असेल, तर कडेला चौकटी-चौकटी दिसतात. तो दोष कॉम्प्रेशनचा असतो आणि तो भिंतीवर, कपड्यांवर, सगळीकडे सारखाच असतो. फेस स्वॅपची चूक चेहऱ्यापुरतीच असते. खात्री करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मूळ व्हिडिओ. संशयित फ्रेमचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाकून शोधताना चेहरा कापून फक्त कपडे आणि पार्श्वभूमी ठेवली, तर अनेकदा मूळ व्हिडिओ लवकर सापडतो, कारण बदललेला असतो तो फक्त चेहरा.

व्हिडिओ कॉलवर हीच गोष्ट समोरच्याला करायला लावता येते. ओळखीच्या माणसाचा चेहरा दाखवून कुणी तातडीने पैसे मागत असेल, तर त्याला सांगा: "जरा बाजूला सरक, अर्धाच चेहरा दिसू दे." थेट कॉलवर फ्रेम मागेपुढे करून सरासरी काढायला किंवा बिघडलेल्या फ्रेम कापायला फारसा वेळ नसतो, म्हणून कच्चं सॉफ्टवेअर तिथे उघडं पडतं. चेहरा लुकलुकला किंवा समोरचा सबबी सांगू लागला, तर कॉल बंद करून त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. चेहरा नीट टिकला तरीही पैसे पाठवण्याआधी हा फोन कराच, कारण फ्रेम मोठी करून काम करणारं सॉफ्टवेअर ही परीक्षा पास होऊ शकतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवता येते.